एकाच वायफायवरचे परके

आग्रही : माझं म्हणणं साधं आहे. राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये `AP Isolation` नावाची एक चौकट असते. काही राउटरवर तिला `Client Isolation` म्हणतात. बहुतेक घरांत आणि लहान दवाखान्यांत ती रिकामी असते, आणि ती टिक केलेली असावी असं माझं मत आहे. कारण सांगतो. घरच्या वायफायवर दोन उपकरणं परस्पर बोलत नाहीत. लॅपटॉपनं शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरला काही पाठवलं, तर ते आधी राउटरकडे जातं आणि राउटर ते पुन्हा हवेत सोडतो. चौकट टिक केली की राउटर हे पुन्हा सोडणं बंद करतो. प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळतं, शेजारी मात्र मिळत नाही. मी ज्या दातांच्या दवाखान्याचं नेटवर्क पाहतो, तिथे वायफायचा पासवर्ड रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. दिवसभरात कितीतरी अनोळखी फोन त्या वायफायवर येऊन जातात. त्याच वायफायवर रिसेप्शनचा लॅपटॉप आहे आणि त्यात रुग्णांच्या नोंदींचं शेअर केलेलं फोल्डर आहे. हे चालू देणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

साशंक : भिंतीवर पासवर्ड लावणं जबाबदारीचं नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तुम्ही त्यावर जो उपाय सांगताय तो मुख्य वायफायवर करायचा म्हणताय, तिथे माझी हरकत आहे. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर ही बंदी ठीकच आहे. तिथे येणाऱ्याला इंटरनेटशिवाय काही नको असतं. मुख्य नेटवर्क आपण घेतो ते उपकरणांची गाठ पडावी म्हणून. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर जावा, टॅबवरचं बिल प्रिंटरवर छापलं जावं, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर दिसावं, यासाठी. ती गाठच तोडली तर उरतं काय? प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइल डेटासारखी एक सोय. आणि धोका म्हणजे नेमकं काय होतं, तेही तुम्ही अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्याचा फोन आपल्या वायफायवर आला, एवढ्यानं काय बिघडतं?

आग्रही : रास्त प्रश्न आहे. दोन गोष्टी घडू शकतात, आणि दोन्ही या चौकटीनं अडतात. पहिली म्हणजे शोधाशोध. दवाखान्यातल्या उपकरणांचे पत्ते `192.168.1.1` पासून `192.168.1.254` पर्यंत कुठेतरी असतात. कुठलाही बिघडलेला फोन किंवा लॅपटॉप ही सगळी दारं काही सेकंदांत ठोठावून पाहू शकतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा संगणकी कृमी जगभर पसरला तो याच पद्धतीनं. विंडोजच्या फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट उघडं असलेली यंत्रं तो स्वतः शोधत जायचा, कुणी कशावर क्लिक करायची गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या आतल्या नेटवर्कवर एक यंत्र बाधित झालं की शेजारची सगळी धोक्यात यायची. दुसरी गोष्ट म्हणजे तोतयेगिरी. लॅपटॉपला राउटरचा हार्डवेअर पत्ता हवा असतो, तेव्हा तो सगळ्यांना उद्देशून विचारतो, ‘`192.168.1.1` कोण आहे?’ या विचारपूस करण्याच्या पद्धतीला एआरपी म्हणतात, आणि तिच्यात उत्तर देणाऱ्याची ओळख तपासायची काहीच सोय नाही. शेजारचा फोन ‘मीच तो’ म्हणाला की लॅपटॉपची सगळी रहदारी त्याच्यामार्गे जाऊ लागते. आयसोलेशन चालू असेल तर ते खोटं उत्तर लॅपटॉपपर्यंत पोचवायचं काम राउटर करत नाही. हल्ला तिथेच थांबतो.

साशंक : समजलं. पण या दोन्हींपासून लॅपटॉप स्वतःला वाचवू शकतो. विंडोजमध्ये नेटवर्क `Public` म्हणून निवडलं की लॅपटॉप शेजाऱ्यांना दिसेनासा होतो आणि बाहेरून आलेली ठोठावणी त्याची फायरवॉल नाकारते. तोतयानं रहदारी वळवलीच, तर बँकेचं किंवा ईमेलचं पान एचटीटीपीएसमुळे त्याला वाचता येत नाही. म्हणजे ज्या यंत्राकडे चांगलं संरक्षण आहे त्याला तुमच्या चौकटीची फारशी गरज नाही. तुम्ही म्हणाल, प्रिंटरकडे फायरवॉल नाही. कॅमेऱ्यात जुनं सॉफ्टवेअर आहे. टीव्हीला कित्येक वर्षांत अपडेट आलेलं नाही. खरं आहे. पण प्रिंटर आणि टीव्ही ही उपकरणं दुसऱ्यानं आपल्याशी बोलावं यासाठीच बनलेली आहेत. लॅपटॉपला वेगळं ठेवता येतं, पण तो स्वतःला वाचवू शकतो. प्रिंटरला स्वतःला वाचवता येत नाही, पण त्याला वेगळं ठेवलं की तो निरुपयोगी होतो. माझ्या सगळ्या शंकेचं मूळ इथे आहे. जिथे या बंदीची खरी गरज आहे, नेमकं तिथेच ती काम मोडते.

आग्रही : मोडते, हे मी अनुभवानं मान्य करतो. दवाखान्यात चौकट टिक केली त्या दुपारी रिसेप्शनवरून फोन आला की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय. त्यांनी तोवर प्रिंटर दोनदा बंद-चालू केला होता, ड्रायव्हर काढून परत टाकला होता. प्रिंटरचं वायफायचं चिन्ह मात्र व्यवस्थित पेटलेलं. म्हणजे बिघाड काय आहे ते उपकरणाकडे बघून कळतच नाही. मी लॅपटॉपवर दोन ओळी टाइप केल्या :

```
ping 192.168.1.23
arp -a
```

उत्तर आलं `Destination host unreachable`, आणि खालच्या यादीत प्रिंटरचा हार्डवेअर पत्ताच नव्हता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. समोरच्या यंत्राची फायरवॉल नुसती ठोठावणी नाकारत असेल, तर विंडोजवर सहसा `Request timed out` येतं आणि यादीत पत्ता दिसतो, कारण एआरपीचं उत्तर तरी मिळालेलं असतं. आयसोलेशनमध्ये तो पहिला प्रश्नच पोचत नाही. अर्थात प्रिंटर बंद असेल किंवा त्याचा पत्ता बदलला असेल तरी हेच दिसेल. म्हणून मी लॅपटॉप राउटरला तारेनं जोडून तीच आज्ञा परत दिली. लगेच उत्तरं यायला लागली. म्हणजे प्रिंटर ठीक होता, फक्त हवेतून हवेतली वाट बंद होती.

साशंक : आणि ती वाट बंद आहे हे रिसेप्शनवरच्या माणसाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आयसोलेशनची ही सगळ्यात वाईट खोड. पासवर्ड चुकला तर पडद्यावर तसं लिहून येतं. इथे फक्त शांतता असते. फोनवर कास्टचं चिन्ह येत नाही, प्रिंटरच्या यादीत काही दिसत नाही, नवीन स्मार्ट प्लग सेटअपच्या शेवटच्या टप्प्यावर अडकून बसतो. ही उपकरणं एकमेकांना शोधतात ती सगळ्यांना उद्देशून हाक मारून. प्रिंटर आणि टीव्हीसाठीची हाक बहुधा `224.0.0.251` या सामायिक पत्त्यावर जाते. आयसोलेशन असलेला राउटर ती हाक वायफायवरच्या इतरांना ऐकवत नाही, त्यामुळे अॅपला वाटतं की घरात टीव्हीच नाही. आणखी एक गोष्ट. जी उपकरणं यातूनही ‘चालतात’ ती कशी चालतात ते बघा. शेजारच्या खोलीतला दिवा फोनवरून लागतो, पण फोनचा निरोप आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून दिव्याकडे परत येतो. इंटरनेट गेलं की दिवा लागत नाही. कॅमेऱ्याचं चित्रही घरातून बाहेर जाऊन घरात परत येतं. म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास नको म्हणून आपण परक्या सर्व्हरवर जास्त अवलंबून राहतो. याला सुरक्षा म्हणायला माझं मन धजत नाही.

आग्रही : दिव्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण प्रिंटरला मी उपाय शोधला. तो तारेनं राउटरला जोडला. आयसोलेशन हवेतून हवेत जाणारं अडवतं, हवेतून तारेत जाणारं नाही. लॅपटॉपची हाक राउटरपर्यंत येते आणि तारेवरच्या प्रिंटरला ऐकू जाते. लॅपटॉप वायफायवरच राहिला आणि छपाई सुरू झाली.

साशंक : आता तुम्हीच सांगा, हवेतून तारेत जाणारं अडत नसेल तर दवाखान्यात तारेवर आणखी काय होतं?

आग्रही : एक्स-रेचा संगणक. सेन्सर त्याला जोडलेला आहे आणि रुग्णांच्या दातांची सगळी चित्रं त्याच्यातच साठतात. हो, मलाही ते नंतर जाणवलं. मी वेटिंग रूममधल्या खुर्चीवर बसून माझ्या फोनवरून, भिंतीवरच्या त्याच पासवर्डनं आत येऊन तपासलं. रिसेप्शनचा लॅपटॉप दिसत नव्हता. एक्स-रेचा संगणक मात्र उत्तर देत होता. ज्याला वाचवायचं होतं त्यातला सगळ्यात मोलाचा भाग चौकटीच्या बाहेरच राहिला होता. आणखी एक. मागच्या केबिनमध्ये सिग्नल पोचत नाही म्हणून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट आहे, पुढच्या राउटरशी तारेनं जोडलेला. प्रिंटर तारेवर न्यायच्या आधी रिसेप्शनिस्ट सांगायच्या की लॅपटॉप केबिनमध्ये नेला की प्रिंट निघते, इथून निघत नाही. मला तो भास वाटला होता. भास नव्हता. केबिनमधला लॅपटॉप मागच्या अॅक्सेस पॉइंटवर जायचा, त्याचं पाकीट तारेनं पुढच्या राउटरवर यायचं आणि राउटर ते प्रिंटरला पोचवायचा, कारण त्याच्या लेखी ते तारेवरून आलेलं असायचं. ही चौकट एका अॅक्सेस पॉइंटपुरती चालते. काही राउटरवर तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडांमधली वाटही उघडीच राहते.

साशंक : म्हणजे उपचाराच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाचा फोन, जो मागच्या अॅक्सेस पॉइंटवर आहे, त्याला रिसेप्शनचा लॅपटॉप दिसत होता.

आग्रही : दिसत होता. मोठ्या कार्यालयांत यासाठी स्विचवरही तशीच बंदी घालतात, म्हणजे अॅक्सेस पॉइंटांची पोर्टं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, फक्त मुख्य राउटरकडे जाऊ शकतात. दवाखान्यातला साधा स्विच ते करत नाही. पण यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की बंदी व्यर्थ आहे. अपुरी आहे, एवढंच.

साशंक : मी आणखी एक पायरी पुढे जाते. एकाच राउटरवर, दोन्ही उपकरणं हवेत असतानाही ती पूर्ण नाही. याचा संबंध पुण्याशी आहे. पुण्यात संशोधन करणाऱ्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीनं २०१० मध्ये डब्ल्यूपीए२ मधली एक उणीव दाखवली. मानकाच्या ज्या पानावर त्या मुद्द्याचा उल्लेख होता त्या पानाच्या क्रमांकावरून तिचं नाव पडलं `Hole196`. गोष्ट अशी : राउटर प्रत्येक उपकरणाशी खासगी बोलायला वेगळी चावी वापरतो, पण सगळ्यांना एकदम सांगायच्या निरोपांसाठी एक सामायिक चावी असते, आणि ती जोडलेल्या प्रत्येकाकडे असते. ती खरं तर ऐकण्यापुरती आहे. पण आत आलेला एखादा तीच चावी वापरून, राउटरचा पत्ता लावून, थेट हवेत निरोप सोडू शकतो. समोरच्या यंत्राला तो राउटरकडूनच आल्यासारखा वाटतो. हे पाकीट राउटरमधून जातच नाही, मग राउटर ते अडवणार कसं? तुमची चौकट राउटरला फक्त एवढंच सांगते की ‘तू हे पोचवू नकोस’. हवेत कोण काय बोलतं, यावर तिचा ताबा नाही.

आग्रही : मान्य. तरी त्या उणिवेला मुद्दाम बसून हल्ला करणारा जाणकार माणूस लागतो. वेटिंग रूममधल्या फोनमध्ये नकळत बसलेल्या कृमीला ते सहसा जमत नाही. माझं संरक्षण या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. आणि तुमच्याच युक्तिवादातून मला पुढची वाट दिसते. सामायिक चावी एका वायफाय नावापुरती असते. रुग्णांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड ठेवला तर त्यांच्या हातात मुख्य नेटवर्कची चावी पडतच नाही. मग ती फट रुग्णांच्या बाजूनं तरी उरत नाही.

साशंक : म्हणजे तुम्ही माझ्या पहिल्या मुद्द्यावर आलात. अनोळखी फोन वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचे, तिथे आयसोलेशन चालू ठेवायचं, आणि मुख्य नेटवर्कवर ते बंद.

आग्रही : दवाखान्यापुरतं, हो. पण मला सरसकट नियम म्हणून ते मान्य नाही. एक तर सोय सगळीकडे नीट होत नाही. काही राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावले की त्यांचं गेस्ट नेटवर्क नावालाच गेस्ट राहतं. पत्ते त्याच मालिकेतले मिळतात आणि तारेवरचं सगळं दिसतं. दवाखान्यातल्या मागच्या अॅक्सेस पॉइंटचं तेच झालं. तिथलं गेस्ट नेटवर्क मला बंदच ठेवावं लागलं. दुसरं म्हणजे अशी मुख्य नेटवर्कं आहेत जिथे वेगळं काढायला कुणी पाहुणाच नसतो, कारण सगळेच एकमेकांना परके असतात. पेइंग गेस्ट म्हणून एका फ्लॅटमध्ये आठ मुलं राहतात, मालकानं एकच राउटर लावलेला असतो. तिथे मुख्य नेटवर्क म्हणजेच अनोळखी लोकांचं नेटवर्क. कुणाचा प्रिंटर नाही, सामायिक टीव्ही नाही. तिथे मी चौकट टिक करीन आणि कुणालाही काही तुटल्याचं कळणारसुद्धा नाही.

साशंक : त्या फ्लॅटसाठी मी तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त मुलांना ते सांगून ठेवा. त्यातला एखादा वायफायवरून लॅपटॉपची फाइल फोनवर घ्यायला बघेल आणि तासभर स्वतःच्या लॅपटॉपला दोष देत बसेल. पण घराचं काय? घरातली माणसं परकी नाहीत, उपकरणं मात्र परकी असू शकतात. स्वस्तातला कॅमेरा घेतला, त्याच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणाल आयसोलेशन करा. मग तो कॅमेरा घरातल्या लॅपटॉपला हात लावणार नाही, हे खरं. पण बाहेर इंटरनेटवर कुणाशीही बोलायची त्याला पूर्ण मोकळीक राहील. एखाद्यानं तो ताब्यात घेऊन दुसऱ्या कुणावर हल्ला करायला वापरला, तर तुमची चौकट त्यात काहीच करत नाही.

आग्रही : नाही करत. ते तिचं काम नाही. पण घरातल्या बाकीच्या यंत्रांना ती वाचवते. आणि तिला खरी मर्यादा आहे ती दिशेची. आपल्याला म्हणायचं असतं, ‘लॅपटॉपनं प्रिंटरशी बोलावं, प्रिंटरनं आपणहून लॅपटॉपशी बोलू नये.’ आयसोलेशनला हे सांगता येत नाही. बोलणं कुणी सुरू केलं हे ती बघतच नाही, दोन्ही बाजू एकदमच बंद करते. फायरवॉलला ते सांगता येतं. त्यासाठी उपकरणं दोन वेगळ्या नेटवर्कांत ठेवायची, मध्ये राउटरचा नियम ठेवायचा. आतून बाहेर गेलेल्या प्रश्नाचं उत्तर परत येऊ द्यायचं, नवीन प्रश्न तिकडून येऊ द्यायचा नाही. हे उत्तम चालतं, मी कार्यालयांत करतो.

साशंक : आणि घरी? दोन वेगळ्या नेटवर्कांमध्ये ती सगळ्यांना मारायची हाक ओलांडून जात नाही. टीव्ही पलीकडच्या नेटवर्कात असेल तर फोनला तो सापडणारच नाही, नियमानं परवानगी दिलेली असली तरी. मग हाक इकडून तिकडे पोचवणारा आणखी एक निरोप्या बसवावा लागतो. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या राउटरवर बहुधा यातलं काहीच नसतं. तिथे फक्त तुमची एक चौकट असते. एवढा बारीक प्रश्न आणि उत्तराला ‘हो’ किंवा ‘नाही’. मी ‘नाही’ म्हणते, कारण घरात माणसं रोज टीव्ही लावतात आणि हल्ला रोज होत नाही. तुम्ही ‘हो’ म्हणता, कारण हल्ला एकदाच व्हावा लागतो. यात चूक कुणाची आहे हे मला खरंच सांगता येत नाही.

आग्रही : मलाही नाही. माझी मागणी एवढीच की चौकट टिक केल्यावर कुणी सुरक्षित झालो असं समजू नये. वेटिंग रूमच्या खुर्चीवर बसावं, केबिनमध्ये बसावं, दोन्हीकडून `ping` करून पाहावं, तारेवरच्या यंत्रांनाही. जे उत्तर देतं ते उघडं आहे.

साशंक : आणि माझी मागणी ही की जो ती टिक करतो त्यानं काय काय थांबेल ते घरातल्यांना आधी सांगावं. दवाखान्यात शेवटी काय ठरलं?

आग्रही : रुग्णांसाठी पुढच्या राउटरवर वेगळं नाव आहे, त्यावर आयसोलेशन चालू आहे. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड बदलला, तो भिंतीवर नाही, आणि तिथे आयसोलेशन बंद आहे. मागच्या केबिनमध्ये रुग्णांना वायफाय मिळत नाही. प्रिंटर तारेवरच ठेवला. एक्स-रेच्या संगणकावरचं शेअरिंग बंद केलं. वेटिंग रूममधल्या टीव्हीचं मात्र ठरलेलं नाही. त्याला अपडेट येणं थांबलेलं आहे, म्हणून तो मुख्य नेटवर्कवर नको. आणि डॉक्टरांना त्यांच्या टॅबवरून दात घासायच्या पद्धतीचे व्हिडिओ त्यावर दाखवायचे असतात, म्हणून तो रुग्णांच्या नेटवर्कवर चालत नाही. सध्या तो वायफायला जोडलेलाच नाही. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून लागतात.